अकराव्या घरातलं अक्षर

धुकं इतकं खाली आलं होतं, की समोरच्या इमारतीचा लोखंडी जिना दुसऱ्या मजल्यावरच हवेत विरून गेला होता. अशा दिवशी माणसं शिंकतात आणि कागद रुसतात. ताळाताईंना माणसांची फिकीर नव्हती, कागदांची होती. दमट बिलं एकमेकांना बिलगून बसतात, स्कॅनरच्या तोंडातून दोन-दोन एकदम जातात आणि खालचं बिल वाचायचं राहूनच जातं. म्हणून त्या अर्धा तास आधी आल्या होत्या. एकेक गठ्ठा घ्यायचा, पत्त्यांसारखा फर्रकन सोडायचा, उलटा करून पुन्हा सोडायचा. मग स्कॅनरची काच पुसायची. त्यासाठी त्यांच्या पिशवीत नवऱ्याच्या जुन्या बनियनचा धुतलेला तुकडा असायचा. दुसऱ्या कुठल्याही कापडाला तो मऊपणा नाही, असं त्यांचं म्हणणं.

"वहिनी, दादाचं बनियन इतक्या मानाच्या जागी पहिल्यांदाच बसलं असेल," खिडकीपाशी बसणारी बाई म्हणाली. ही त्यांची सख्खी नणंद. ऑफिसात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद तिच्याकडे आणि घरात-ऑफिसात वहिनीला टोमणे मारायचं कामही तिच्याकडेच.

"त्यांना स्वतःला बसवलं असतं, वन्सं, पण काचेला ओरखडे पडतील."

हे ऑफिस म्हणजे बिलं वाचायचं. मोठ्या कंपन्यांकडे त्यांच्या पुरवठादारांची बिलं यायची ती पोती भरून इकडे. मशीन ती वाचायचं आणि मशीनला ज्याची शंका येईल ते ताळाताईंसारख्या पाच जणांच्या पडद्यावर यायचं. तारीख, माल, सही, सगळं बघायचं. पण ताळाताईंचा जीव होता तो कर-नोंदणीच्या नंबरावर.

अकरा घरांचा नंबर. पहिली दोन घरं इंग्रजी अक्षरांची, मग सात आकडे, मग पुन्हा एक अक्षर. ही घरं ठरलेली असल्यामुळे मशीनचा निम्मा धांदरटपणा तिथेच उघडा पडायचा. आकड्याच्या घरात ओ दिसला, तर तो शून्य असणार. अक्षराच्या घरात पाच दिसला, तर तो एस असणार. त्याला डोकं लागत नाही. पण आकड्याच्या घरात आकडाच चुकीचा वाचला, तर? आठाचा तीन, सहाचा पाच? घर कुरकुर करत नाही. त्याला आकडा हवा होता, आकडा मिळाला. तिथे कामाला येतं अकरावं घर. त्यात ताळ्याचं अक्षर. आधीच्या दहा घरांवरून हिशेब करून ते ठरतं आणि वाचताना एक जरी अक्षर इकडचं तिकडे झालं, तरी हिशेब जुळत नाही. पडद्यावर नंबर लाल होतो. जुळला की हिरवा.

ताईंचे वडील वजनकाट्यावर कारकून होते. पोरीने गुणाकार करून दाखवला की पाठ थोपटायच्या ऐवजी म्हणायचे, "ताळा?" ती ताळा करून दाखवेपर्यंत जेवण नाही. त्यामुळे नऊ वर्षांपूर्वी इथे लागल्यावर बाकीचे हिरवं-लाल बघत होते, तेव्हा ही बाई मशीनने हिरवं का केलं ते पाटीवर पेन्सिलीने तपासत होती. ताळाताई हे नाव तेव्हा पडलं. खरं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं.

दहा वाजता नियमवाला आत आला. तिशीतला, गळ्यात कायम मफलर. मशीनने वाचलेलं कशाकशावर घासून बघायचं ते नियम हा लिहितो. आज त्याच्या हातात चहा नव्हता, एक कागद होता.

"ताई, खोकेवाले आठवतात? औषध कंपनीला पुठ्ठ्याची खोकी देतात ते?"

"मागच्या महिन्यात होतं की त्यांचं बिल. शिक्का फार फिका मारतात."

"त्यांचं काहीतरी भयंकर झालंय."

औषध कंपनीचं पत्र होतं. खोकेवाल्याच्या आधीच्या सगळ्या बिलांवर एक नंबर होता. गेल्या तीन महिन्यांच्या तीन बिलांवर दुसराच. कंपनीने तो सरकारी नोंदवहीत पाहिला, तर तो निघाला कुठल्याशा बर्फाच्या कारखान्याचा आणि तोही नोंदणी बंद झालेला. हा माणूस बंद पडलेल्या कारखान्याचा नंबर वापरतो, असं दिसतं. आज पाचच्या आत तुमचं वाचन बरोबर की चूक ते लेखी कळवा. बरोबर असेल, तर याचं नाव आम्ही यादीतून काढतोय.

"त्यांना दुसरं गिऱ्हाईक आहे का?" ताईंनी विचारलं.

"मी कुठे ओळखतो? पण एका कंपनीच्या मापाची खोकी दुसऱ्याला काय उपयोगाची?"

ताईंनी तीनही बिलांच्या पक्क्या नोंदी पडद्यावर काढल्या. के आर, ४१३०७२६, पी आणि शेवटी एस. तीनही हिरव्या. तरी त्यांनी पेन्सिल घेतली. ए म्हणजे दहा, बी म्हणजे अकरा, असं करत झेड म्हणजे पस्तीस. आकड्यांची किंमत त्यांची त्यांना. एका घराची किंमत तशीच घ्यायची, पुढच्याची दुप्पट, पुन्हा तशीच, पुन्हा दुप्पट. दुप्पट पस्तिसाच्या वर गेली, तर त्यातून छत्तीस काढून एक मिळवायचा. बेरीज आली ऐंशी. छत्तीस दुणे बहात्तर, वर आठ. पुढच्या छत्तिसाला पोचायला अठ्ठावीस कमी. अठ्ठावीस म्हणजे एस.

"जुळतोय," त्या म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे वाचन बरोबर आहे."

"म्हणजे माणूस खोटा," नियमवाला म्हणाला. "एक अक्षर चुकलं असतं तर ताळ्याने पकडलंच असतं. ते शंभर टक्के."

ताईंनी मान डोलावली. पण ती मान त्यांची त्यांना पटली नाही. चोर माणूस एवढा फिका शिक्का मारेल? चोराचा शिक्का कसा ठसठशीत असायला हवा.

साडेअकराला खिडकीपाशी आवाज चढला. "अहो आजोबा, असं थेट आत नाही जाता येत!" पण नणंदेने एकीकडे ओरडत दुसरीकडे कडी काढलीच होती. खोकेवाला आत आला. साठीचा, बोटांच्या पेरांत सरस वाळलेला, बगलेत प्लास्टिकची पिशवी. कंपनीने त्यालाही तसंच पत्र पाठवलं होतं.

"कुणी वाचली माझी बिलं?" त्याने विचारलं.

"मी बघते ती, काका," ताई म्हणाल्या. "बसा."

"बसायला वेळ नाही. घरात पुठ्ठ्याचे पाचशे ताव कापून पडलेत. बायको म्हणते, विचारून या, चिकटवायचे की नाही. बर्फाचा कारखाना म्हणे! ताई, माझ्या घरी बर्फ करायचं कपाटसुद्धा नाही."

पिशवीतून त्याने नोंदणीचा दाखला काढला. कडक कागद, काचेसारखा स्वच्छ छापलेला. के आर, ४१८०७२६, पी, एन.

ताईंनी पेन्सिल पुन्हा उचलली. बेरीज आली पंच्याऐंशी. बहात्तर वजा जाता तेरा. छत्तिसाला तेवीस कमी. तेवीस म्हणजे एन.

"हाही जुळतोय," त्या म्हणाल्या.

"जुळणारच! माझाच आहे तो!"

"पण तोही जुळतोय ना काका."

तिघंही पाटीकडे बघत राहिली. वरती ऐंशी, खाली पंच्याऐंशी, दोन्हींखाली बरोबरची खूण. ताईंना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बरोबरच्या खुणेचा राग आला. वडिलांनी ताळा शिकवला तेव्हा सांगितलं होतं, की ताळा जुळला की गणित सुटलं. दोन उत्तरं जुळली तर काय करायचं ते सांगितलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हिशेब पुन्हा केले, मग उलट्या बाजूने बेरजा केल्या. हट्टी आकडे जागचे हलायला तयार नव्हते.

"दोन ठिकाणी फरक आहे," नियमवाला म्हणाला. "आठाच्या जागी तीन आणि एनच्या जागी एस. एक चूक ताळा सोडत नाही. पण दोन चुका एकमेकींना झाकू शकतात. योगायोगाने. छत्तिसात एकदा."

"आणि तीन बिलांत तीनदा?"

"तेच तर. मशीन एवढं नशीबवान नसतं, ताई. म्हणून म्हणतो…" त्याने खोकेवाल्याकडे बघितलं आणि वाक्य गिळलं.

खोकेवाल्याने ते न बोललेलं वाक्यही ऐकलं. नणंदेने त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि जाता जाता नियमवाल्याच्या मफलरकडे बघून म्हणाली, "गळा एवढा झाकता, जिभेलाही थोडा गुंडाळा."

जेवणाच्या सुट्टीत ताईंनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. खोकेवाला दाराजवळच्या बाकावर बसून होता. त्याला घरी जायचं धैर्य होत नव्हतं आणि थांबायला कुणी सांगितलं नव्हतं. ताई त्याच्याशेजारी जाऊन बसल्या.

"काका, शिक्का एवढा फिका का मारता?"

"फिका कुठला? झिजलाय. अकरा वर्षांचा झाला." त्याने पिशवीत हात घालून लाकडी मुठीचा रबरी शिक्का काढला. "नवीन करायचा करायचा म्हणतो. उरलेल्या अक्षरांवरून कळतंय म्हटल्यावर राहतं."

ताईंनी शिक्का खिडकीच्या उजेडाकडे धरला. रबरावर अक्षरं उलटी असतात, म्हणून त्यांनी तो हाताच्या तळव्यावर दाबला. उरलेली शाई निळसर उमटली. पाचव्या घरात आठ होता. त्याचा डावा काठ पार खाल्ला गेला होता. तळव्यावर चक्क तीन दिसत होता. मशीनने तीन वाचला, त्यात त्याचा दोष नव्हता. आणि अकराव्या घरात? तिथे फक्त एक उभी काडी. एनचा एकच पाय उरला होता, तिरपी रेघ आणि दुसरा पाय गेलेला.

त्या तळव्याकडे बघत बसल्या. तीन कुठून आला ते कळलं, पण एस? एसमध्ये उभी काडी नसते. एस सगळा वळणाचा. या एका पायावरून कुणाला एस दिसेल? मशीनला आय दिसेल, एक दिसेल, फार तर एल.

"काका, जरा थांबा हं. कुठे जाऊ नका."

"मी कुठे जातोय," खोकेवाला म्हणाला.

नियमवाल्याचं जेवण चाललं होतं. ताईंनी त्याच्या नाकापुढे तळवा धरला. "मशीनने अकराव्या घरात काय वाचलं होतं, ते दिसतं का कुठे? आपण काही करायच्या आधी?"

"दिसतं की. कच्च्या नोंदीत." एका हाताने घास, दुसऱ्या हाताने कळा. पडद्यावर ओळ आली. के आर ४१३०७२६ पी आणि मग प्रश्नचिन्ह. त्याने पुढचं बिल काढलं. प्रश्नचिन्ह. तिसरं. प्रश्नचिन्ह. शेजारच्या रकान्यात एस आणि त्यापुढे 'माणसाने भरले' आणि त्यापुढे पाच नंबरचं टेबल.

पाच नंबरचं टेबल ताळाताईंचं.

त्यांना आधी वाटलं, दुसरं कुणी बसलं असेल. पण त्या तीनही दिवशी त्या हजर होत्या. आणि हळूहळू, ओल्या कागदावर शाई पसरावी तसं आठवत गेलं. आठवायला तसं विशेष काही नव्हतं, कारण ते रोजचंच होतं.

अकराव्या घरात अक्षरही चालतं, आकडाही चालतो. त्यामुळे तिथे बी आहे की आठ, हे घरावरून कळत नाही. दोन वर्षांपूर्वी ताईंनीच युक्ती काढली होती. आधीच्या दहा घरांचा ताळा करा. बी आला तर बी, आठ आला तर आठ. दोन्हींपैकी काहीच नाही आलं, तर समजा आतच काहीतरी चुकलंय. उत्तम युक्ती. तिला ऑफिसात 'ताई-पद्धत' म्हणायचे. मग एखादं अक्षर अर्धंच दिसायचं, तेव्हाही ताळा करून भरायचं. मग एखादं अगदीच पुसट. मग नुसता डाग. मशीनने प्रश्नचिन्ह दिलं, ताईंनी मनातल्या मनात बेरीज केली, अक्षर टाकलं, हिरवं झालं, पुढचं. काडी डोळ्यांपुढे होती; पण त्यांनी कागदाकडे बघितलंच नव्हतं. उत्तर आधीच येत होतं, तर बघायचं कशाला?

"पाच," त्या एकदम म्हणाल्या.

"पाचाला वेळ आहे ताई, आत्ता दीड…"

"वेळेचे पाच नाहीत हो. आठाचा तीन झाला, पाच कमी पडले. एनची किंमत तेवीस, एसची अठ्ठावीस. ते कमी पडलेले पाच मी शेवटच्या घरात घातले. मीच." त्यांनी खुर्ची ओढली. "मशीनने एन वाचला असता, तर नंबर लाल झाला असता. ताळा ओरडला असता. मी त्याच्या तोंडात बोळा घातला."

नियमवाल्याने घास खाली ठेवला. "म्हणजे ताळा जुळला तो…"

"मी माझ्याच बेरजेचा ताळा माझ्याच बेरजेशी जुळवला. साक्षीदार म्हणून आरशातल्या बाईला उभं केलं."

"पण मग तो बर्फाचा कारखाना कुठून आला? आपण काही तरी अक्षर बनवलं, तर तो नंबर खराच कुणाचातरी कसा निघाला?"

उत्तर नियमवाल्यालाच सुचलं आणि सुचल्यावर त्याचा मफलर सैल झाला. मधले सात आकडे ओळीने वाटलेले असतात, एकामागून एक. कुठलाही आकडा घ्या, तो कुणाला ना कुणाला गेलेलाच असतो आणि त्याचं ताळ्याचं अक्षर हिशेबानेच ठरलेलं असतं. म्हणजे चुकलेल्या नंबराला आपण हिशेबाने अक्षर जोडलं, की तो रिकामा नंबर उरत नाही. त्यात कुणीतरी राहत असतं.

"म्हणजे मी दर वेळी अंदाजाने दार ठोठावत होते," ताई म्हणाल्या, "आणि दर वेळी कुणीतरी दार उघडत होतं."

"ताई, माझीही चूक आहे. ताळा जुळला, की जुन्या नंबराशी ताडून बघायचं नाही, असा नियम मी लिहिलाय. वेळ वाचतो म्हणून." तो खुर्ची पुढे घेऊन टाइप करायला लागला. "आपण लिहू या, शिक्का झिजल्यामुळे मशीनने आठाचा तीन वाचला. खरंच आहे ते. एवढं पुरे."

ताईंना क्षणभर ते फार बरं वाटलं. वाक्य खरं होतं. त्यात त्यांचं नावही नव्हतं. मग पडद्यावरच्या त्या वाक्याला त्यांनी सवयीने ताळा लावून बघितला.

"नाही जुळत," त्या म्हणाल्या. "ते विचारतील, आठाचा तीन झाला, तर ताळा का नाही ओरडला? त्यांच्याकडेही कुणी नियमवाला असेलच. आपण गप्प बसलो, की ते म्हणणार, हे खोकेवाल्याला वाचवतायत. आणि नाव काढणार."

"पण तुमचं टेबल…"

"सरका. मी लिहिते."

पत्र चार ओळींचं झालं. पण लिहायला पावणेदोन तास लागले. पहिल्या मसुद्यात 'अनवधानाने' होतं. नणंदेने खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "वहिनी, अनवधानाने माणूस दूध उतू घालवतो. तीन महिने नाही." तो शब्द गेला. शेवटी उरलं ते असं: मशीनने पाचव्या घरातला झिजलेला आठ तीन वाचला. अकरावं घर वाचता येत नव्हतं. ते मी कागदावरून न वाचता आधीच्या दहा घरांवरून काढून भरलं, म्हणून ताळा जुळला. जुळलेला ताळा या बिलांपुरता काहीच सिद्ध करत नाही. सोबत कच्ची नोंद, शिक्क्याचा ठसा आणि दाखल्याची प्रत. खाली ताळाताईंनी स्वतःचं खरं नाव लिहिलं. लिहिताना ते दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं वाटलं.

चार वाजून दहा मिनिटांनी पत्र गेलं. मग पाऊण तास कुणालाच काही काम सुचलं नाही. खोकेवाल्याला ताईंनी सगळं सांगितलं, पाटी समोर धरून, ऐंशी आणि पंच्याऐंशी दाखवून. तो नीट ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मला एवढंच समजलं, की माझा शिक्का अर्धा होता आणि तुम्ही तो पुरा केलात."

"हो."

"चांगल्या मनाने केलंत?"

ताईंनी पाटी खाली ठेवली. "सवयीने केलं, काका."

"मग माझ्यासारखंच," तो म्हणाला. "मीही सवयीने मारत होतो."

पाचला चार मिनिटं असताना उत्तर आलं. नाव यादीत राहील. पुढचं बिल नव्या शिक्क्याने पाठवावं. पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ होती: अशा प्रकारे भरलेले आणखी किती नंबर आमच्या बिलांत आहेत, ते कळवावं.

खोकेवाल्याने फोन काढला आणि बायकोला फक्त दोन शब्द सांगितले, "चिकटव आता." मग उठला, ताईंकडे एकदा बघितलं आणि पिशवी सावरत निघाला. नणंदेने त्याच्यामागून हाक मारली, "आजोबा, शिक्का राहिला!" तो मागे वळून म्हणाला, "राहू दे. त्याचं मी आता काय करू?"

नियमवाल्याने यादी काढली. प्रश्नचिन्ह होतं आणि माणसाने भरलं, असे नंबर. चारशे बारा. त्यातले सगळे ताईंचे नव्हते. पण पद्धत सगळीकडे त्यांचीच होती.

"यातले बहुतेक बरोबरच असतील, ताई," तो म्हणाला.

"असतील. पण कुठले ते हिरव्यावरून कसं कळणार?"

त्या यादी वर-खाली करत राहिल्या. त्यांना एक दिवस हवा होता, ज्या दिवशी वाचणं संपलं आणि भरणं सुरू झालं, तो. तो सापडला असता, तर त्याच्या अलीकडचं सगळं चांगलं आणि पलीकडचं वाईट, असं म्हणता आलं असतं. पण यादीत तो कुठे दिसेना. दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीही अशाच होत्या, थोड्या कमी, मग थोड्या जास्त. कधीतरी त्या चांगल्या कामातून वाईट कामात शिरल्या होत्या आणि मध्ये उंबरठा लागला नव्हता. वडील असते, तर त्यांना विचारलं असतं. पण नक्की काय विचारायचं, हेही कळत नव्हतं.

"वहिनी, बस जाईल," नणंद म्हणाली.

"तुम्ही व्हा पुढे, वन्सं. एवढं एक बघते."

पडद्यावर कुणा रंगवाल्याचं बिल होतं. दहा घरं स्वच्छ. अकराव्यात डाग. बेरीज त्यांच्या डोक्यात आपोआप झालीसुद्धा, उत्तर जिभेवर आलं. त्यांनी ते गिळलं, रंगवाल्याचा फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहिला, उद्या दाखल्यावरून वाचून घ्यायचा म्हणून, आणि घर रिकामंच ठेवलं. नंबर लाल राहिला.

बाहेर धुकं उठलं होतं, की पुन्हा बसत होतं, कळत नव्हतं. उद्याही कागद दमटच निघणार. ताईंनी पिशवीतून बनियनचा तुकडा काढला, काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि एका कडेपासून पुसायला लागल्या.